स्क्रीनवर जुळलेला फोटो कागदावर का उसवतो?

घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो हवा असतो आणि सगळे एका वेळी एका ठिकाणी सापडत नाहीत. कुणी परदेशात, कुणी ड्युटीवर, कुणी आता या जगातच नाही. मग वेगवेगळ्या फोटोंतून माणसं कापून एका चौकटीत आणली जातात. स्टुडिओवाले याला कंपोझिट म्हणतात. हे काम आज तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतही होतं आणि घरच्या संगणकावरही. स्क्रीनवर ते इतकं बेमालूम दिसतं की कोण आधीपासून होतं आणि कोण नंतर आलं, ते कळत नाही.

मोठी प्रत छापून आली की मात्र चित्र पालटतं. परदेशातल्या मुलाचा चेहरा मेणाचा वाटतो. आजोबांच्या खांद्याभोवती बारीक पांढरी रेघ दिसते. आईच्या मोरपंखी पैठणीच्या घड्या नाहीशा होऊन तिथे रंगाचा सपाट पट्टा उरतो. लॅबने फोटो बिघडवला, असं म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा लॅबची काही चूक नसते. हे सगळे दोष फाइलमध्ये आधीपासून असतात, स्क्रीन ते झाकून ठेवते एवढंच. सहा हजार पिक्सेल रुंदीचं चित्र आपण साध्या फुल एचडी मॉनिटरवर पूर्ण पाहतो, तेव्हा ते 1920 पिक्सेलमध्ये बसवलेलं असतं. म्हणजे साधारण दहा पिक्सेलचा मिळून एक ठिपका आपल्याला दिसतो. दहांच्या सरासरीत धूसर आणि ठळक, खरखरीत आणि गुळगुळीत हा फरक विरून जातो. कागदावर तसं होत नाही. तिथे प्रत्येक माणूस आपापल्या मूळ फोटोचे गुणदोष घेऊन उभा राहतो.

म्हणून कंपोझिट छपाईला देण्याआधीच्या कामाचं सार एका वाक्यात सांगता येतं: वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तुकड्यांना तपशील, रंग आणि धार या तिन्ही बाबतींत एका पातळीवर आणायचं, आणि मगच संपूर्ण चित्र कागदासाठी तयार करायचं. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू.

तीन फोटो, एक चौकट

दिवाणखान्यात लावायला 24 इंच रुंद आणि 16 इंच उंच फोटो हवा आहे. मुख्य फोटो अंगणात डीएसएलआर कॅमेऱ्याने काढलेला आहे, 6000 बाय 4000 पिक्सेलचा. धाकटा मुलगा टोरांटोत आहे. त्याने तिकडे उभं राहून मोबाइलवर आपला पूर्ण उंचीचा फोटो काढून पाठवला आहे. आजोबा हयात नाहीत. त्यांचा जुना पोस्टकार्ड आकाराचा रंगीत फोटो अल्बममधून काढून स्कॅन केला आहे. मुलाला पुढच्या रांगेच्या कडेला पूर्ण उभं करायचं आहे आणि आजोबांना मागच्या रांगेत, छातीपासून वर दिसतील असं.

पहिला प्रश्न रेझोल्यूशनचा. कागदाच्या एका इंचात चित्राचे किती पिक्सेल बसतात, याला पीपीआय म्हणतात. 6000 पिक्सेल 24 इंचांत पसरले की इंचाला 250 पडतात. हे पुरेसे आहेत का? चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून हिशेब सोपा आहे: 3438 ला फोटोपासूनच्या इंचांतल्या अंतराने भागायचं. हातात धरून, फूटभरावरून पाहिलं तर 286 येतात. छपाईत 300 चा आकडा रूढ आहे, तो या हिशेबाशी जुळतो. चार फुटांवरून पाहिलं तर 72 सुद्धा चालतात. म्हणूनच चौकातला फ्लेक्स लांबून नीट दिसतो. पण घरातला कौटुंबिक फोटो कुणी चार फुटांवर थांबून पाहत नाही. पाहुणे जवळ जातात, बोट ठेवून हा कोण, ती कोण असं विचारतात. म्हणून अशा फोटोला 200 ते 250 हवेतच. आपला मुख्य फोटो यात व्यवस्थित बसतो.

पण कंपोझिटमध्ये खरी फसगत इथेच होते. फाइलवर 250 लिहिलेलं असतं, ते संपूर्ण चौकटीचं असतं. आत आणलेल्या माणसाचं नसतं. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

मुलगा छापील फोटोत 10 इंच उंच दिसायचा आहे. म्हणजे त्याच्यासाठी 2500 पिक्सेल लागणार. त्याच्या मोबाइलचा मूळ फोटो 3024 बाय 4032 पिक्सेलचा आहे आणि त्यात तो सुमारे 3000 पिक्सेल उंच उभा आहे. म्हणजे त्याला थोडं लहानच करावं लागेल, काही अडचण नाही. पण हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आला असेल, तर त्याची लांब बाजू बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास उतरलेली असते. मग मुलगा उरतो जेमतेम 1190 पिक्सेलचा. त्याला ताणून 2500 करायचं, म्हणजे दुपटीहून जास्त. कागदावर त्याच्या वाट्याला इंचाला खरे 119 पिक्सेलच येतात, शेजारी उभ्या असलेल्या बहिणीच्या वाट्याला 250. त्याचं डोकं छापील फोटोत सव्वा इंचाच्या आसपास असेल, म्हणजे डोळे, नाक, ओठ, दाढीचे खुंट हे सगळं जेमतेम दीडशे पिक्सेलच्या उंचीत मावलेलं. ताणताना संगणक मधले पिक्सेल आजूबाजूच्या रंगांवरून भरून काढतो. कातडीची रंध्रं, भुवईचे केस त्याला माहीत नसतात. मेणाचा चेहरा येतो तो इथून.

आता आजोबा. त्यांचा छातीपासून वरचा भाग छापील फोटोत साडेतीन इंच उंच हवा आहे, म्हणजे 875 पिक्सेल. जुन्या पोस्टकार्ड फोटोत तेवढाच भाग तीन इंच उंच आहे. तो 600 पीपीआयने स्कॅन केला की 1800 पिक्सेल मिळतात. जुन्या कागदावरच्या छापील फोटोत खरा तपशील इंचाला सुमारे 300 पिक्सेलचाच असतो असं धरलं, तरी 900 होतात. म्हणजे गरजेपुरते आहेतच. काल आलेल्या मोबाइल फोटोपेक्षा अल्बममधला जुना फोटो इथे सरस ठरतो. मात्र आजोबांचा पासपोर्ट आकाराचाच फोटो हाती असता, तर गणित उलटलं असतं. तो 2400 पीपीआयने स्कॅन करूनही उपयोग झाला नसता, कारण स्कॅनर कागदावर नसलेला तपशील आणू शकत नाही. तो फक्त कागदाचे दाणे आणि ओरखडे मोठे करून दाखवतो.

फोटोशॉपमध्ये हे तपासायची सोपी रीत आहे. बाहेरून आणलेला प्रत्येक तुकडा आधी `Convert to Smart Object` करून ठेवायचा. मग कधीही `Free Transform` उघडलं की वरच्या पट्टीत तो मूळ आकाराच्या किती टक्के आहे ते दिसतं. 100 च्या आत असेल तर निश्चिंत राहा. 120-130 पर्यंत निभावतं. 210 दिसलं, तर तो तुकडा छापण्याच्या लायकीचा नाही असं समजावं. साधा लेयर चिकटवून ताणला असेल, तर मूळ आकाराची नोंदच राहत नाही आणि हा दोष शोधायला मार्ग उरत नाही.

उपाय तीनच. पहिला आणि सर्वात चांगला म्हणजे मुलाला सांगून मूळ फाइल मागवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो `Document` म्हणून पाठवला की तो जसाच्या तसा येतो, ईमेलनेही येतो. दुसरा उपाय, त्याला मागच्या रांगेत लहान आकारात उभं करणं. तिसरा, संपूर्ण फोटोच लहान छापणं. 15 बाय 10 इंचांच्या प्रतीत तोच मुलगा सव्वासहा इंच उंच होतो आणि त्याच्या वाट्याला इंचाला 190 पिक्सेल येतात, तेवढे खपून जातात.

रंगाचे आकडे आणि त्यांचं माप

दुसरी पातळी रंगाची. डिजिटल फोटोत प्रत्येक पिक्सेलचा रंग तीन आकड्यांत लिहिलेला असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. दुधाच्या हिशेबात ‘पाच’ एवढंच लिहिलं, तर पाच शेर की पाच लिटर हे कळत नाही. रंगांच्या आकड्यांचं माप सांगणारी नोंद फाइलमध्ये जोडलेली असते, तिला प्रोफाइल म्हणतात. याचे नियम ठरवणारी आयसीसी ही संस्था 1993 मध्ये स्थापन झाली, म्हणून आयसीसी प्रोफाइल असं नाव पडलं.

आपल्या उदाहरणातले तिन्ही फोटो तीन वेगळ्या मापांत असू शकतात. डीएसएलआरमध्ये अ‍ॅडोबी आरजीबी निवडलेलं असेल. मुलाचा फोन 2016 च्या आयफोन 7 नंतरचा आयफोन असेल, तर त्याच्या फोटोचं माप डिस्प्ले पी3 असतं. स्कॅनर बहुधा एसआरजीबी देतो. एसआरजीबी हे 1996 साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेलं माप. त्यात मावणारे रंग तिघांत सर्वांत कमी, पण समजतं ते सगळ्यांना.

माप चुकलं की काय होतं, ते चेहऱ्यावर लगेच दिसतं. अ‍ॅडोबी आरजीबीतले आकडे एसआरजीबी समजून वाचले की माणसं निस्तेज, फिकी दिसतात. एसआरजीबीतले आकडे अ‍ॅडोबी आरजीबी समजून वाचले की चेहरे लालबुंद होतात. अशा वेळी बरेच जण फिका दिसणारा चेहरा हाताने गडद करत बसतात. मूळ दुखणं मापाचं असतं आणि इलाज आकड्यांवर चालतो. एक चेहरा सुधारतो, तोवर शर्ट बिघडतो.

म्हणून तुकडे जोडण्याआधी प्रत्येक फाइल स्वतंत्र उघडून तिचं प्रोफाइल पाहायचं. फोटोशॉपच्या खिडकीत खालच्या पट्टीवर `Document Profile` निवडलं की ते दिसत राहतं. मग सगळ्यांना एका मापात आणायचं. इथे दोन आज्ञा शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्यात गोंधळ होतो. `Assign Profile` आकडे तसेच ठेवून मापाची चिठ्ठी बदलते, त्यामुळे रंग बदलतात. `Convert to Profile` माप बदलताना आकडेही त्या हिशेबाने बदलते, त्यामुळे रंग तसेच राहतात. फाइलला प्रोफाइलच नसेल, तरच पहिली आज्ञा वापरायची. अशा फाइलला आधी एसआरजीबी लावून पाहावं, बहुतेक वेळा तेच बरोबर निघतं. बाकी सगळीकडे दुसरी आज्ञा. या उदाहरणात काम अ‍ॅडोबी आरजीबीत आणि 16 बिटमध्ये ठेवावं, म्हणजे आकाशासारख्या सावकाश बदलत जाणाऱ्या रंगांत पट्टे पडत नाहीत.

मापं एक झाल्यावरच प्रकाश जुळवायला घ्यायचा. जुने रंगीत फोटो काळाच्या ओघात बहुधा लालसर होतात, आजोबांचा फोटोही तसाच असणार. त्यांचा पांढरा सदरा शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टाशी ताडून पाहिला की लाली किती काढायची ते नेमकं समजतं. चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये, कारण प्रत्येकाच्या कातडीचा रंग वेगळा असतो.

धार लावायची, पण शेवटी

तिसरी पातळी शार्पनिंगची, म्हणजे चित्राला धार देण्याची. संगणक नवा तपशील निर्माण करत नाही. जिथे उजेड आणि अंधार भेटतात, त्या कडेच्या उजेडाकडच्या बाजूला तो थोडी जास्त उजळ रेघ ओढतो आणि अंधाराकडच्या बाजूला थोडी जास्त गडद. डोळ्याला ती कड अधिक ठसठशीत वाटते. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत मूळ निगेटिव्हला चिकटवून छापत, तेव्हाही हाच परिणाम मिळत असे. फोटोशॉपमधलं `Unsharp Mask` हे त्याच पद्धतीचं संगणकी रूप आहे.

ही रेघ किती रुंद असावी, यावर सगळं अवलंबून आहे. कागदावर ती इतकी बारीक हवी, की रेघ म्हणून दिसू नये आणि तिचा परिणाम मात्र जाणवावा. व्यवहारात एक सोपा नियम चालतो: पीपीआयला 200 ने भागून येईल तेवढं `Radius` ठेवायचं. आपल्या फोटोसाठी 250 भागिले 200, म्हणजे 1.25. कागदावर हे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढं होतं. `Amount` 80 ते 120 च्या दरम्यान आणि `Threshold` 2 ते 4 ठेवावं. त्यामुळे कातडीवरचे बारीक दाणे मोकळे राहतात आणि फक्त खऱ्या कडांना धार येते. या नियमातूनच कळतं की शार्पनिंग छपाईच्या आकारावर ठरतं. आकार ठरायच्या आधी लावलेली धार नंतर चित्राबरोबर ताणली जाते आणि रेघ जाड होऊन डोळ्यांत खुपते.

छायाचित्र संपादनावर लिहिणाऱ्या ब्रूस फ्रेझर यांनी शार्पनिंगचे तीन टप्पे मांडले: कॅमेऱ्याने घालवलेली धार परत आणणं, चित्रातल्या महत्त्वाच्या भागाला उठाव देणं, आणि शेवटी कागद व आकार पाहून छपाईची धार देणं. कंपोझिटला ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण पहिला टप्पा प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा असतो. मोबाइल स्वतःच भरपूर शार्पनिंग करून फोटो देतो. मुलाच्या कॉलरच्या कडेला 200 टक्के मोठं करून पाहिलं, की ती उजळ रेघ आधीपासूनच असलेली दिसते. कॅमेऱ्याची रॉ फाइल त्या मानाने मऊ असते. आजोबांचा स्कॅन आणखी मऊ, शिवाय त्यात कागदाचे दाणे. या तिघांना सरसकट एकच शार्पनिंग लावलं, तर मुलगा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसेल, आजोबांच्या गालावर वाळू उठेल आणि बाकीचे तेवढे ठीक दिसतील.

म्हणून आधी तुकडे एकमेकांशी जुळवायचे. मुख्य फोटोतला एखादा चेहरा नमुना धरायचा. आजोबांचे दाणे थोडे कमी करून डोळे, भुवया, मिशा एवढ्यांनाच हलकी धार द्यायची. मुलाला धार मुळीच द्यायची नाही, गरज वाटली तर अर्ध्या पिक्सेलचा `Gaussian Blur` देऊन ती थोडी मोडायची. मग सगळ्यांच्या वर एका स्वतंत्र लेयरवर अगदी बारीक दाणे, म्हणजे `Add Noise`, एक-दोन टक्के पसरायचे. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे गुळगुळीत आणि खरखरीत भाग या एकाच पोताखाली येतात. हे दाणे मोजकेच ठेवावेत, कारण शेवटच्या शार्पनिंगमध्ये ते वर येतातच.

मग मूळ फाइल जतन करून तिची प्रत काढायची, सगळे लेयर एक करायचे आणि छपाईची धार त्या प्रतीला द्यायची. दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. शार्पनिंगच्या लेयरचा `Blending Mode` `Luminosity` ठेवला, तर कडांना रंगीत झाक येत नाही. आणि जिथे माणूस कापून बसवला आहे, त्या बाह्यरेषेवर मास्क लावून शार्पनिंग निम्म्यावर आणायचं. कापताना मूळ पार्श्वभूमीचा पाऊण-एक पिक्सेल केसांना किंवा खांद्याला चिकटून आलेला असतो. स्क्रीनवर तो नजरेत भरत नाही. धार लागली की तोच उजळून पांढरी रेघ होतो. आजोबांच्या खांद्याभोवतीची रेघ उगवते ती अशी.

धार पुरेशी झाली का, हे स्क्रीनवर ठरवणं अवघड आहे. साध्या मॉनिटरवर इंचाला 90-95 पिक्सेल असतात, त्यामुळे 100 टक्क्यांवर आपला फोटो कागदाच्या पावणेतीनपट मोठा दिसतो. शिवाय कागदावर शाई पसरते आणि थोडी धार खाते, मॅट कागदावर जास्त, ग्लॉसीवर कमी. म्हणून 100 टक्क्यांवर किंचित जास्त करकरीत वाटेल इतकी धार योग्य असते. 50 टक्क्यांवर पाहिलं की कागदावरच्या परिणामाचा बरा अंदाज येतो.

पैठणी कागदात मावते का?

आता शेवटचं काम, चित्र लॅबच्या मापात देण्याचं. रंगीत फोटो छापणाऱ्या बहुतेक लॅब एसआरजीबी प्रोफाइलची जेपीईजी फाइल मागतात. इथे मोरपंखी पैठणी अडते. तिचा निळसर हिरवा रंग अ‍ॅडोबी आरजीबीत मावतो, एसआरजीबीत मावत नाही. रूपांतर करताना जे रंग बाहेर राहतात, ते ओढून कडेला आणून बसवले जातात. पदराच्या उजळ घडीचा आणि खोल घडीचा रंग, दोन्ही कडेबाहेरचे असतील, तर दोन्ही कडेवर जवळजवळ एकाच जागी येऊन बसतात. घड्या गायब होतात त्या इथे.

`Convert to Profile` च्या खिडकीत रूपांतराच्या पद्धती निवडता येतात. त्यातली `Perceptual` सगळे रंग थोडे-थोडे आत ओढून त्यांच्यातला फरक जपते, असं वाचून अनेक जण ती निवडतात. पण नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये त्या पद्धतीसाठी लागणारा तक्ताच नसतो. त्यामुळे काहीही निवडलं तरी परिणाम `Relative Colorimetric` चाच मिळतो. एखाद्या कागदाच्या किंवा प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये मात्र हा तक्ता असतो आणि तिथे दोन्ही पद्धतींत खरा फरक पडतो.

मग पैठणी वाचवायची कशी? रूपांतर करून `Channels` मधला लाल चॅनेल एकटा उघडून पाहावा. पदराच्या जागी तो एकसारखा काळा दिसला, म्हणजे तिथला तपशील गेला. मग एक पायरी मागे यावं, साडीपुरता मास्क करून `Hue/Saturation` मध्ये रंगाची तीव्रता 10-15 ने उतरवावी आणि पुन्हा रूपांतर करावं. लाल चॅनेलमध्ये घड्या दिसू लागल्या की थांबावं. साडी किंचित सौम्य होते, पण तिचे पदर आणि काठ जिवंत राहतात. झेंडूच्या केशरी माळांसाठी हीच तपासणी निळ्या चॅनेलमध्ये करायची.

लॅबने आपल्या कागदाचं प्रोफाइल दिलं असेल, तर `View > Proof Setup > Custom` मध्ये ते निवडून छापील प्रतीचा अंदाज स्क्रीनवर घेता येतो. `Simulate Paper Color` सुरू केलं की चित्र एकदम मलूल दिसतं. घाबरू नये, कागदाचा पांढरा रंग स्क्रीनइतका उजळ कधीच नसतो. छापील फोटो काळवंडून आला, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार याच कारणाने होते. मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून काम केलेलं असतं. छपाईचं काम करताना मॉनिटरचा उजेड 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर एवढाच हवा. मोजायचं यंत्र नसेल, तर मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडून त्याच्या शेजारी खोलीच्या उजेडात पांढरा कागद धरावा. दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत मॉनिटर उतरवावा.

दोन सावधगिऱ्या. लॅबला फाइल सीएमवायके करून देऊ नये. लॅबचं यंत्र फोटोच्या कागदावर लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशानेच चित्र उमटवतं, त्यामुळे सीएमवायके केल्याने रंग विनाकारण गमावले जातात. ते रूपांतर मासिकाच्या किंवा पत्रिकेच्या ऑफसेट छपाईसाठी, आणि तेही छापखान्याने दिलेल्या प्रोफाइलने करायचं. दुसरी गोष्ट, घरच्या इंकजेटवर छापत असाल तर रंगांचं नियंत्रण एकाच्याच हाती ठेवा. `Photoshop Manages Colors` निवडलं असेल, तर प्रिंटर ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद हवं. दोघांनीही रूपांतर केलं, तर सगळ्या चित्रावर एखाद्या रंगाची झाक चढते.

मोठ्या प्रतीआधी लहान तुकडा

एवढं झालं तरी थेट 24 इंची प्रत मागवू नये. तयार फाइलमधून 6 बाय 8 इंचांचे एक-दोन तुकडे कापून ते आधी छापून घ्यावेत. चित्र लहान करून नव्हे, खऱ्या आकारातला तुकडा कापून, म्हणजे 250 पीपीआयला 1500 बाय 2000 पिक्सेल. एकात मुलाचा चेहरा आणि शेजारच्या बहिणीचा चेहरा यावा, दुसऱ्यात आजोबांचा खांदा आणि पैठणीचा पदर. कागद तोच हवा, जो मोठ्या प्रतीला वापरणार आहात. हे तुकडे दिवसा खिडकीजवळ धरून पाहावेत, पिवळ्या दिव्याखाली नाही. चेहऱ्यांची धार सारखी आहे का, खांद्याला रेघ आहे का, घड्या मोजता येतात का, अंधाऱ्या केसांत काही दिसतं का, एवढ्याच चार गोष्टी पाहायच्या. जे चुकलं असेल ते मूळ लेयरच्या फाइलमध्ये जाऊन दुरुस्त करायचं, छपाईच्या प्रतीत ठिगळ लावायचं नाही.

फाइल देताना `ICC Profile` ची खूण केलेली आहे ना, हे बघा. ती राहून गेली तर लॅबचं यंत्र आपल्या मनाने माप ठरवतं. लॅबला आपण होऊन सांगा, की ‘ऑटो करेक्शन’ करू नका, कारण ते यंत्र चेहऱ्यांचा उजेड पुन्हा बदलतं आणि जुळवलेला समतोल ढळतो. फ्रेमच्या खाचेत कडेचे काही मिलिमीटर झाकले जातात, तेव्हा कुणाचे पाय किंवा खांदे कडेला चिकटलेले नसावेत.

आणि लेयर असलेली मूळ फाइल, अ‍ॅडोबी आरजीबी आणि 16 बिट, शार्पनिंगशिवाय, जपून ठेवा. छपाईची फाइल एका आकाराची आणि एका कागदाची असते. उद्या हाच फोटो अल्बमसाठी 12 बाय 8 इंचांत हवा झाला, तर ही 24 इंची फाइल लहान करून देऊ नका. मूळ फाइलपासून आकार, धार आणि प्रोफाइल या तीन पायऱ्या पुन्हा करा. त्याला अर्धा तास लागतो आणि लहान प्रतही मोठीइतकीच नीट येते.